फिट्सच्या गोळ्या चालू असताना माला-डी चालते का? आणि अँटिबायोटिकचं काय?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. विषय थोडा खाजगी आहे पण इथे बऱ्याच जणी आहेत म्हणून धीर करून लिहितेय. माझं वय २९, नाशिकला असते. बारावीत असताना मला दोनदा फिट आली, तेव्हापासून कार्बामाझेपिन चालू आहे, सकाळी २०० आणि रात्री २००. गेल्या सात वर्षांत एकही फिट नाही. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल आत्ता नकोय, अजून दोनेक वर्षांनी बघू असं आमचं दोघांचं ठरलंय. म्हणून गेले पाच महिने माला-डी घेतेय. रोज रात्री जेवण झालं की दोन्ही गोळ्या एकाच वेळी, म्हणजे विसरायला नको.

आता झालंय असं की तिसऱ्या पाकिटापासून दहाव्या-बाराव्या गोळीलाच थोडं थोडं रक्त जातंय. पांढऱ्या गोळ्या संपून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की पाळी यायला हवी ना, इथे मधेच डाग. परवा मेडिकलमध्ये पाकीट घ्यायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी सांगितलं तर ती म्हणाली, ताई, हे दोन्ही एकत्र डॉक्टरांना माहितीये का? मला घामच फुटला. कारण फिट्सच्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही की मी काय वापरते, आणि ज्यांनी माला-डी लिहून दिली त्यांनी विचारलं नाही की मला फिट्स येतात का. मीही आपणहून सांगितलं नाही, लग्नानंतर नवीन गावात कशाला ते, असं वाटलं.

तर प्रश्न असा, कुठल्या औषधांनी या गोळीचा गुण खरंच जातो? आणि मैत्रीण म्हणते की कुठलंही अँटिबायोटिक घेतलं तरी जातो, ते खरं का?

मीनल_क
अगं मैत्रीण बरोबर सांगतेय. अँटिबायोटिक चालू असलं की गोळी काम करत नाही, आमच्याकडे हे सगळ्यांना माहितीये. माझ्या नणंदेला दाताच्या वेळी अमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स दिला होता आणि त्याच महिन्यात राहिलं. फिट्सच्या गोळ्यांचं मात्र मी कधी ऐकलं नाही, त्या मेंदूसाठी असतात ना, त्यांचा इकडे काय संबंध?

औषधवाला_सातारा
मीनलताई, राग मानू नका पण तुम्ही जे सांगताय ते जवळजवळ उलटं आहे. मी अठरा वर्षं काउंटरला उभा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोळीतली हार्मोन्स पोटातून रक्तात जातात आणि शेवटी यकृत ती मोडून बाहेर टाकतं. आपल्या गावच्या गिरणीसारखं समजा, रोज एक पोतं दळायचं, एक जातं पुरतं. म्हणून रोज एक गोळी घेतली की रक्तात हवं तेवढं शिल्लक राहतं. कार्बामाझेपिन काय करतं, तर गिरणीला सांगतं की अजून जाती बसव. दोन-तीन आठवड्यांत यकृतात ती मोडणारी यंत्रणा वाढते, आणि तुम्ही गोळी रोज न चुकता घेतलीत तरी ती झपाट्याने दळली जाते. रक्तातलं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. हल्लीच्या गोळ्यांमध्ये हार्मोन मुळातच कमी असतं, माला-डीत इस्ट्रोजेन फक्त ०.०३ मिलिग्रॅम, त्याचं निम्मं झालं तर हातात काय राहिलं?

म्हणजे औषध मेंदूसाठी असलं तरी जातं यकृतातूनच. संबंध तिथे आहे. आणि सकाळी एक रात्री एक असं अंतर ठेवून काही उपयोग नाही, कारण दोन गोळ्या पोटात एकमेकींना भिडतात असा हा प्रकार नाहीये. गिरणी दिवसरात्र वाढलेलीच असते.

फिट्सच्या औषधांमध्ये हे करणारी म्हणजे कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्ब, प्रिमिडोन. टोपिरामेट दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा वर गेलं की. लेव्हेटिरासिटाम, व्हालप्रोएट, गाबापेंटिन ही तसं करत नाहीत.

तांबडी_माती
गिरणीचं उदाहरण एकदम पटलं दादा 🙏 आता आमची गिरणीवाली मावशी दिसली की यकृत आठवणार.

गोदाकाठची
बापरे. म्हणजे मी पाच महिने... औषधवाला दादा, मग ते मधलं रक्त त्यामुळेच का?

औषधवाला_सातारा
शक्यता तीच जास्त. हार्मोन पुरेनासं झालं की गर्भाशयाचं अस्तर टिकत नाही, मधेच थोडं थोडं सुटतं. नवीन गोळी सुरू केली की पहिले दोन-तीन महिने कुणालाही डाग पडू शकतात, पण तुमचं तिसऱ्या पाकिटानंतर *सुरू* झालंय, ते वेगळं. मात्र याच्या उलट धरू नका. डाग नाही म्हणजे गोळी चालतेय, असं नसतं. कित्येकींना काहीच दिसत नाही आणि एकदम दिवस जातात.

जळगावकर७७
माझे मिस्टर कार्बामाझेपिन घेतात आणि मी गोळी घेते. मग आमचं काय? मला आजपासून बंद करावी लागेल का?

औषधवाला_सातारा
नाही हो ताई, तुमच्या यकृताला मिस्टरांच्या गोळीचं काही माहीत नसतं 🙂 जी गोळी घेते तिनेच दुसरं औषध घेतलं तर प्रश्न. तुम्ही निर्धास्त चालू ठेवा.

खानदेशी_वारा
अँटिबायोटिकवरून लिहितो. आमच्या घरात घडलेलं आहे म्हणून सांगणं भाग आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या वहिनीला टीबी निघाला, फुफ्फुसाचा. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचा कोर्स, रोज सकाळी अनशापोटी वजनाप्रमाणे गोळ्या, लघवी लालभडक व्हायची, ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. दादाची दोन मुलं आधीची, तिसरं नको होतं, वहिनी माला-एन घ्यायची. ती पाकिटं आशाताई घरी आणून द्यायच्या आणि टीबीच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून यायच्या. दोन्ही सरकारीच, पण दोन वेगळ्या वह्यांमध्ये. कुणी एकाने दुसरी वही बघितली नाही.

चौथ्या महिन्यात वहिनीला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं टीबीच्या गोळ्यांनी पित्त झालं. आईने दही-भात, लिंबूपाणी सगळं केलं. पंधरा दिवसांनी कळलं की दोन महिने होऊन गेलेत. वहिनी रडून रडून बेजार, मी एक गोळी चुकवली नाही हो म्हणायची, आणि घरातली बाकी मंडळी म्हणे चुकवली असशील. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तिने खरंच चुकवली नव्हती. रोज रात्री पाकिटावर बाणाप्रमाणे एकेक फोडायची, मी स्वतः ती रिकामी पाकिटं बघितलीत.

नंतर जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या लाल लघवी करणाऱ्या औषधाने, रिफाम्पिसिनने, गोळीचा गुण गेला. टीबीचं औषध मधे थांबवायचं नाही, पोटात बाळ असलं तरी हा नेहमीचा कोर्स पूर्ण करायचा असंही त्यांनी समजावलं. तसा केला. पुतणी आता बालवाडीत जाते, ठणठणीत आहे. पण वहिनीला जे दोन महिने ऐकून घ्यावं लागलं ते कुणी भरून देणार नाही.

मीनल_क
वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. पण बघा, म्हणजे अँटिबायोटिकने होतं ना? टीबीचं औषध म्हणजे अँटिबायोटिकच की.

डॉ_शब्दवेडी
मी स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. मीनल, तुझा हा मुद्दा अगदी मुळाचा आहे, गैरसमज इथूनच जन्मला.

१९७० च्या सुरुवातीला जर्मनीत टीबीच्या पेशंट बायकांवर रिफाम्पिसिन सुरू झालं आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या त्यांना मधेच रक्तस्राव होतोय आणि काहींना दिवसही गेले. ते खरंच होतं. रिफाम्पिसिन हे यकृताची ती यंत्रणा वाढवणाऱ्या औषधांमधलं सगळ्यात जबरदस्त, कार्बामाझेपिनपेक्षाही. पण मग लोकांनी ‘रिफाम्पिसिन’ हा शब्द सोडला आणि ‘अँटिबायोटिक’ एवढाच धरला. नंतर त्याला एक कारणही जोडलं गेलं की आतड्यातले जंतू मेल्यामुळे इस्ट्रोजेन पुन्हा शोषलं जात नाही. कारण ऐकायला पटण्यासारखं आहे, पण बायकांच्या रक्तातलं हार्मोन मोजून पाहिलं तर अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल अशा औषधांनी ते काही घसरत नाही. आणि गोळीत दिवस राहू न देण्याचं मुख्य काम करणारं प्रोजेस्टोजेन, ते तर त्या आतड्याच्या फेऱ्यावर अवलंबूनच नाही. ब्रिटनमध्ये आधी सांगायचे की अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि वर सात दिवस कंडोम वापरा, तो सल्ला त्यांनी २०११ मध्ये काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही साध्या अँटिबायोटिकला कुठलीच अडचण दाखवलेली नाही, रिफाम्पिसिनला आहे.

मीनल_क
मग माझ्या नणंदेचं कसं झालं? डॉक्टर, ती खोटं बोलत नाही.

डॉ_शब्दवेडी
नाही गं, खोटं कशाला. दात दुखत होता तेव्हा तिने गोळी एखाद-दोन दिवस विसरली का, किंवा अँटिबायोटिकने उलट्या-जुलाब झाले का, हे विचारून बघ. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी गेलीच, लगेच दुसरी घ्यायची. जोरात जुलाब दिवसभर चालले तरी तेच नुकसान. आणि तसं काहीच नसलं तरी, रोजच्या जगण्यात शंभर बायकांनी वर्षभर गोळी वापरली तर सात-आठ जणींना दिवस जातातच. त्यातल्या कुणी ना कुणी त्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलेलंच असतं, मग दोष त्याच्यावर जातो.

मीनल_क
विचारलं तिला. म्हणाली तीन दिवस काही पोटात ठरत नव्हतं. हे आम्ही कुणी तेव्हा धरलंच नव्हतं. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होते म्हणजे.

कावेरी_लंडन
इथे मी फार्मसीत काम करते. एक सांगावंसं वाटतं, रिफाम्पिसिन फक्त टीबीला देतात असं नाही. मेंदूज्वराचा एक प्रकार घरात कुणाला झाला तर बाकीच्यांना बचावासाठी नुसतं दोन दिवस देतात. बायकांना वाटतं दोन दिवसांनी काय होतंय. पण दोन दिवस घेतलं तरी पुढे चार आठवडे दुसरी काळजी घ्या असंच आम्ही सांगतो, कारण यकृताला पूर्वपदावर यायला तेवढा वेळ लागतो. आणि इथे मूड सुधारायला म्हणून सेंट जॉन्स वर्ट नावाची जडीबुटीची गोळी दुकानात सहज मिळते, तीही तेच करते. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुणी डॉक्टरला सांगत नाही. आपल्याकडच्या मुली ऑनलाइन मागवायला लागल्यात म्हणून लिहिलं.

खानदेशी_वारा
चार आठवड्यांचं महत्त्वाचं सांगितलंत. म्हणजे वहिनीचा सहा महिन्यांचा कोर्स संपला त्या दिवशी लगेच गोळीवर भरवसा ठेवून चाललं नसतं.

कावेरी_लंडन
बरोबर. शेवटच्या डोसपासून २८ दिवस मोजायचे.

आशा_दिंडोरी
मी आशा म्हणून काम करते. खानदेशी दादा, तुमच्या वहिनीची गोष्ट वाचून हात थरथरले कारण मीही आधी असंच नुसती पाकिटं वाटायची. आता विचारते. टीबीचा पेशंट नवीन लागला की त्या घरातल्या बाईला आधी विचारते, पोर नको म्हणून काय वापरतेस. माझ्याकडे निरोध असतो, तो लगेच देता येतो.

अजून एक सांगायचंय. वर जळगावच्या ताईंनी मिस्टरांचं विचारलं होतं ना, तसंच टीबीत होतं पण जरा वेगळं. नवऱ्याला टीबी असला की घरातल्या बाकीच्यांना टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे डोस देतात. त्यात रिफापेंटिन असतं, ते रिफाम्पिसिनचंच भावंड. म्हणजे टीबी नवऱ्याला, पण औषध बायकोच्याही पोटात जातं. माझ्या वस्तीत अशा दोघी होत्या. एकीला अंतरा इंजेक्शन दिलं, दुसरीने निरोध चालवला. बाई आजारी नसते त्यामुळे तिला स्वतःलाच वाटत नाही की मी औषधावर आहे.

जळगावकर७७
बघा, म्हणजे माझा प्रश्न अगदीच वाया गेला नाही 😀

औषधवाला_सातारा
अजिबात नाही ताई. आशाताई, मी हे रिफापेंटिनचं लिहायला विसरलो होतो, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

निशिगंधा२
माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, उलट्या बाजूने. मला लामोट्रिजिन चालू आहे, चार वर्षं फिट नव्हती. गोळी सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये फिट आली. सगळे म्हणाले ताण आला असेल, जागरण झालं असेल. गोळी चालूच ठेवली. मग गंमत अशी की ज्या आठवड्यात लोहाच्या गोळ्या असायच्या त्या आठवड्यात चक्कर, डोळ्यापुढे एकाचे दोन दिसायचे, आणि नवीन पाकीट सुरू झालं की ते थांबायचं. दोन महिने मी डायरीत लिहून ठेवलं तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं. इथे फिट्सचं औषध गोळीला खात नव्हतं, गोळीच फिट्सच्या औषधाला खात होती.

डॉ_शब्दवेडी
निशिगंधा, डायरी ठेवलीस म्हणून सापडलं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे लामोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यापर्यंत उतरतं, म्हणून फिट. लोहाच्या सात गोळ्यांमध्ये हार्मोन नसतं, त्या दिवसांत ते परत वर चढतं, म्हणून चक्कर आणि दुहेरी दिसणं. तुझा डोस वाढवला होता ना मधे?

निशिगंधा२
हो, पहिल्या फिटनंतर वाढवला होता. मग वाढवलेला डोस आणि वर लोहाचा आठवडा. आता कळलं डोळ्यांचं काय होत होतं. शेवटी हार्मोनची गोळी बंद केली, पण डॉक्टरांनी लामोट्रिजिनचा डोसही तेव्हाच कमी केला. गोळी आपल्या मनाने बंद केली असती तर औषध अंगावर चढलं असतं.

सह्याद्रीची_लेक
मी टोपिरामेट घेते, पण मायग्रेनसाठी, ५० मिलिग्रॅम. माझीही गोळी गेली का?

औषधवाला_सातारा
५० ला तसा परिणाम धरत नाहीत, २०० पासून पुढे धरतात. पण तुम्हाला डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढे नागमोडी रेघा, चमचम असं काही दिसतं का? दिसत असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळीच तुमच्यासाठी बरी नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. ते कारण वेगळं आहे पण डॉक्टरांना जरूर सांगा.

सह्याद्रीची_लेक
दिसतं. उद्याच फोन करते.

रानपाखरू
मूळ प्रश्नावर, गोदाकाठची, साधा उपाय, दोन गोळ्या घे रोज. माझ्या मावसबहिणीला असंच सांगितलं होतं डॉक्टरांनी फिट्समुळे.

डॉ_शब्दवेडी
रानपाखरू, हे पूर्वी करायचे, काही डॉक्टर अजूनही करतात, त्यामुळे बहिणीला सांगितलं असेल तर नवल नाही. पण ते घरच्या घरी करायचं काम नाही. किती हार्मोन लागेल हे प्रत्येकीच्या यकृतावर आहे, वर मधले रिकामे दिवस चारवर आणायचे, तीन पाकिटं सलग घ्यायची, आणि इस्ट्रोजेन वाढलं की रक्ताच्या गुठळीची काळजी. एवढं करून खात्री नाहीच. रिफाम्पिसिन असेल तर दोन गोळ्यांचा विचारच करायचा नाही.

गोदाकाठची, तुझ्यासाठी स्पष्ट लिहिते. कार्बामाझेपिन बंद करू नकोस, एक दिवससुद्धा नाही. एकदम थांबवलं तर सात वर्षांनी फिट परत येऊ शकते, तीही जोरात. आजपासून कंडोम. रक्त जातंय म्हणजे दिवस राहिले नाहीत असं समजू नकोस, उद्या सकाळी पट्टी लाव, आणि कंडोमशिवायच्या शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा लाव, मधल्या काळातलं तेव्हाच कळेल.

पुढचं म्हणशील तर तुझ्यासारखीला तांबी, म्हणजे कॉपर-टी, हे सगळ्यात सरळ. तिचं काम गर्भाशयात, तांब्यावर चालतं, यकृतातून काही जातच नाही, त्यामुळे फिट्सचं औषध काहीही असो. ३८० ए दहा वर्षं चालते आणि मूल हवं वाटलं त्या दिवशी काढली की झालं. अंतराचं इंजेक्शनही चालतं, त्यात हार्मोन इतकं असतं की यकृताने वेग वाढवला तरी पुरतं, तीन महिन्यांचं अंतर कमी करावं लागत नाही. पण ते सोडल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात. तुला दोन वर्षांनी मूल हवंय म्हणून मी तांबीकडे झुकते.

रानपाखरू
तांबीने पाळीत अंगावरून जास्त जातं असं ऐकलंय पण.

डॉ_शब्दवेडी
पहिले तीन-सहा महिने जास्त जातं, पोटातही दुखतं काहींना. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचा विचार करायला हवा. ते खरं आहे, मी लपवणार नाही.

तांबडी_माती
आणि ती तातडीची गोळी, ७२ तासांवाली? ती तरी चालेल ना अशा वेळी?

औषधवाला_सातारा
तीसुद्धा हार्मोनचीच, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, तीही त्याच गिरणीत जाते. परदेशात अशा बायकांना दुप्पट डोस देतात. पण पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती तातडीचं कामही करते आणि पुढचंही, या औषधांवर असलेल्या बाईला तीच खात्रीची. माझ्या काउंटरला कुणी तातडीची गोळी मागितली आणि फिट्सची किंवा टीबीची गोळी चालू आहे म्हणाली तर मी नुसतं पाकीट देऊन पाठवत नाही, डॉक्टरकडे धाडतो.

गोदाकाठची
पट्टी लावली. एकच रेघ. बाथरूममध्ये दहा मिनिटं तशीच बसून राहिले होते, हे तुम्हालाच सांगतेय. तीन आठवड्यांनी परत लावेन.

एक विचारू? फिट्सचे डॉक्टर फोनवर म्हणाले की हवं तर लेव्हेटिरासिटामवर नेऊ, मूल होऊ देताना तेही जास्त बरं. पण सात वर्षं शांत गेलीत. मी स्कूटीवर कामाला जाते. बदलताना फिट आली तर?

निशिगंधा२
मी बदललं होतं आधी एकदा, दुसऱ्या औषधावरून लेव्हेटिरासिटामवर. सहा आठवडे लागले, हळूहळू एक वाढवत दुसरं कमी करत. माझं नीट झालं पण त्या काळात मी गाडी चालवली नाही, आई येऊन राहिली होती. आणि मला पहिले दोन महिने फार चिडचिड झाली, ते लेव्हेटिरासिटामनेच होतं म्हणे काहींना. सोपं नाहीये, पण मूल हवं असेल तर आधीच करून घेतलेलं बरं असं मला वाटतं.

खानदेशी_वारा
मला उलट वाटतं. जे चालतंय ते कशाला हलवायचं, तांबी बसली की गोळीचा प्रश्न मिटलाच ना.

डॉ_शब्दवेडी
आत्तापुरता मिटला, पण मूल ठरवताना हा प्रश्न परत येणारच. कार्बामाझेपिनने बाळाच्या मणक्यात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून फॉलिक अ‍ॅसिडही दिवस राहायच्या आधीपासून लागतं, किती ते डॉक्टर ठरवतील. बदलायचं की नाही हे मात्र तिने आणि तिच्या न्यूरोलॉजिस्टने समोर बसून ठरवायचं. इथे कुणी ठरवू नये, मीही नाही.

गोदाकाठची
महिन्याभराने लिहितेय. दुसरी पट्टीही एकच रेघ. पाळीच्या तिसऱ्या दिवशी जाऊन कॉपर-टी बसवून आले. पाच मिनिटांचं काम, बसवताना एक कळ आली आणि संध्याकाळपर्यंत ओटीपोटात ओढ होती, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले. यांनी पोळ्या केल्या, जाड होत्या पण केल्या.

नवीन डॉक्टरीणबाईंना मी स्वतःहून सगळं सांगितलं. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, ‘कार्बामाझेपिन ४००, हार्मोनची गोळी देऊ नये’. तेच मी फिट्सच्या फाइलवरही लिहून घेतलं, तिथे ‘कॉपर-टी’ आणि तारीख. मेडिकलमधल्या त्या मुलीला पेढे देऊन आले, ती लाजली.

औषध बदलण्याचं अजून ठरत नाहीये. पुढच्या महिन्यात तारीख आहे. निशिगंधा, तुझ्याशी फोनवर बोलता येईल का?

निशिगंधा२
हो गं, निरोप्यात नंबर टाकते. सहा आठवड्यांची डायरी आहे माझ्याकडे, रोजचा डोस लिहिलेला, तीही पाठवते. तुझा डोस वेगळा असेल, पण कशा कशावर लक्ष ठेवायचं ते कळेल.

आशा_दिंडोरी
ताई, तांबीची पहिली तपासणी पुढच्या पाळीनंतर करून घ्या, विसरू नका.